मैदानावरच्या रेघा
(क्रीडाशिक्षकांच्या निरोपप्रसंगी)

वार्षिक क्रीडोत्सवाच्या दिवशी निरोपाचे भाषण करणे हे काम वाटते तितके सोपे नाही. सभागृहात श्रोते बसलेले असतात व त्यांस उठून जाण्याचा संकोच असतो; मैदानावर तसे नसते. समोर पायांत बळ साठवून उभी असलेली मुले, कडेला चटयांवर बसलेली वडीलधारी मंडळी, डोक्यावर चढत जाणारे ऊन, आणि शिटी केव्हा वाजेल इकडे लागलेले सर्वांचे कान! अशा वेळी ‘आदरणीय, कर्तव्यदक्ष, विद्यार्थिप्रिय’ अशी विशेषणांची माळ गुंफीत बसणारा वक्ता कोणास आवडेल? शिवाय ज्यांस निरोप द्यावयाचा ते आमचे क्रीडाशिक्षक स्वतःच घड्याळ हातात धरून उभे होते. भाषणास त्यांनी आम्हांस 5 मिनिटे दिली होती, आणि त्यांच्या 5 मिनिटांची कधी 6 होत नाहीत.

तेव्हा आम्ही मनाशी ठरविले की, सरांच्या गुणांविषयी काही न बोलता मुलांच्या पायांखालच्या पांढऱ्या रेघांविषयीच बोलावे. आम्ही ह्या शाळेत गणित शिकवितो; त्या रेघांशी आमचा थोडा संबंध आलेला आहे. जे तेथे घाईत सांगितले तेच संपादकांच्या सूचनेवरून येथे सविस्तर लिहून देत आहो. तसे करण्यास आणखीही एक कारण आहे, ते पुढे येईल.

आमची शाळा डिंभ्याची. वरच्या अंगास घोड नदीवरील धरणाची भिंत, तिच्यामागे हुतात्मा बाबू गेनू ह्यांच्या नावाचा जलाशय, आणि भोवती डोंगर. अशा मुलखात सपाट जमीन मिळाली की तिचे भातखाचर होते, मैदान होत नाही. आमच्या वाट्यास आलेली जागा लांबीला सुमारे 92 मीटर व रुंदीला 45 मीटर. क्रीडांगणाची पुस्तके उघडून पाहिली तर त्यांतील धावपट्टी 400 मीटरची असते, व ती आमच्या शाळेच्या आवारात बसवावयाची तर शाळाच उचलून पलीकडे ठेवावी लागेल. सर 31 वर्षांपूर्वी येथे आले तेव्हा ह्या जागेत मुले जमेल तशी गोल धावत असत. गोल किती मोठा हे कोणास ठाऊक नव्हते. पहिला कोण आला एवढे कळे. किती अंतर किती वेळात धावला, हे कळण्यास मार्गच नव्हता.

सरांनी त्या जागेत 200 मीटरची चार पट्ट्यांची धावपट्टी बसविली. ती कशी, हे मुलांनी व पालकांनीही समजून घ्यावे असे आम्हांस वाटते; कारण वर्षानुवर्षे आपण ती पाहतो, परंतु पाहत नाही.

धावपट्टी म्हणजे दोन सरळ बाजू व त्यांच्या टोकांना जोडणारी दोन अर्धवर्तुळे. ही अर्धवर्तुळे ज्या दोन बिंदूंभोवती काढावयाची, तेथे सरांनी दोन लोखंडी खुंट्या ठोकल्या. त्यांच्यामधील अंतर 45 मीटर 96 सेंटिमीटर. खुंटीला 17 मीटरची तार अडकवून फिरविली की सर्वांत आतली रेघ निघते. आता कोणताही धावणारा रेघेवर पाय ठेवून धावत नाही. तो तिच्यापासून थोडा बाहेरून धावतो. म्हणून नियमाप्रमाणे अंतर मोजावयाचे ते रेघेपासून 20 सेंटिमीटर बाहेर. म्हणजे वळणाची खरी त्रिज्या 17 मीटर 20 सेंटिमीटर झाली. ह्या त्रिज्येच्या पूर्ण वर्तुळाचा परीघ 108 मीटर 7 सेंटिमीटर. त्यात दोन सरळ बाजूंचे 91 मीटर 92 सेंटिमीटर मिळविले की 200 मीटर भरतात. एक सेंटिमीटर कमी पडतो, हे आमचे चौकस विद्यार्थी सांगतीलच!

तार का, दोरी का नाही? सुरुवातीस काथ्याचीच दोरी होती. परंतु ती ओढील त्याच्या जोराप्रमाणे लांब होई, आणि सकाळच्या दंवाने भिजली की निराळीच वागे. एका बाजूचे अर्धवर्तुळ दांडग्या मुलाने ओढले व दुसऱ्या बाजूचे किरकोळ मुलाने ओढले, तर दोन्हींत फरक पडे. म्हणून तार आली. तसेच कापडी टेप जाऊन पोलादी टेप आली. खुंट्या बरोबर असल्या तरी चारही कोपरे काटकोनात बसले पाहिजेत. त्यासाठी सर दोन्ही कर्ण मोजीत. सरळ बाजू 45 मीटर 96 सेंटिमीटर व रुंदी 34 मीटर, तर कर्ण 57 मीटर 17 सेंटिमीटर आलाच पाहिजे, आणि दोन्ही कर्ण सारखेच आले पाहिजेत. एक जरी चार बोटे लांब निघाला तरी काढलेली रेघ पायाने पुसून पुन्हा आरंभ. भूमितीच्या तासाला पायथागोरसाचा सिद्धान्त पाठ म्हणून दाखविणारी आमची कित्येक मुले त्या सिद्धान्तास खऱ्या अर्थाने प्रथम भेटली ती मैदानावर, हातांत फक्कीची बादली धरून.

हे झाले पहिल्या पट्टीचे. दुसरी पट्टी तिच्या बाहेर, म्हणून तिचे वळण मोठे. पट्टीची रुंदी 1 मीटर 22 सेंटिमीटर असते. चारही मुलांस एकाच रेघेवर उभे केले व प्रत्येकाने आपापली पट्टी सांभाळून एक फेरी पुरी केली, तर दुसऱ्या पट्टीतील मुलास पहिल्यापेक्षा 7 मीटर 67 सेंटिमीटर अधिक धावावे लागेल. तिसऱ्यास त्याच्या दुप्पट, आणि चौथ्यास तिप्पट, म्हणजे पुरे 23 मीटर. येथे एक मौजेची गोष्ट आहे. हा आकडा वळणाच्या त्रिज्येवर मुळीच अवलंबून नाही. मैदान लहान असो की मोठे, एका पूर्ण फेरीत एका पट्टीच्या रुंदीने जेवढा परीघ वाढतो तेवढाच तो राहतो. म्हणून बाहेरच्या मुलांस तेवढे पुढे उभे करावयाचे. पालकांपैकी कित्येकांस दरवर्षी वाटते की, चौथ्या पट्टीतील मुलास फार पुढे उभे करून त्यास सवलत दिली. ती सवलत नव्हे. त्याचे देणे आहे.

ह्याच ठिकाणी पुष्कळ मैदानांवर चूक होते, व ती दोन प्रकारांनी होते. पहिला प्रकार पुस्तकावरून आकडा जसाच्या तसा उचलण्याचा. मोठ्या मैदानांवर आतल्या कडेला उंच काठ बांधलेला असतो. काठाला पाय अडखळू नये म्हणून धावणारा त्यापासून जरा अधिक दूर राहतो, आणि म्हणून तेथे पहिल्या पट्टीचे माप 20 ऐवजी 30 सेंटिमीटरांवरून घेतात. त्यामुळे तेथे दुसऱ्या पट्टीचा आकडा 7 मीटर 4 सेंटिमीटर येतो. तो आकडा आमच्यासारख्या नुसत्या फक्कीच्या मैदानावर वापरला, तर पहिल्या पट्टीतील मुलाखेरीज बाकी तिघांस 63 सेंटिमीटर फुकट अधिक धावावे लागते. कोणास दिसतही नाही, आणि हरलेले मूल ‘आज पाय चालले नाहीत’ एवढेच म्हणून घरी जाते.

दुसरा प्रकार टेप सरळ ताणण्याचा. पुढे काढावयाचे अंतर वळणावर मोजावयाचे असते. धावणारा वळणावरून जातो. तो काही टेपेसारखा आडवाटेने जात नाही. म्हणून सर चौथ्या पट्टीत, आतल्या रेघेपासून 20 सेंटिमीटरांवर, हाताहाताच्या अंतराने बांबूच्या लहान खुंट्या रोवीत व त्यांच्या बाहेरून टेप वळवून 23 मीटर मोजीत. पुढे त्यांनी आमच्याकडून त्याचे गणित करून घेतले. वळणावरचे 23 मीटर म्हणजे सरळ टेपेने 21 मीटर 85 सेंटिमीटर. तेव्हापासून दोन्ही रीतींनी मोजून ताळा पाहण्याचा परिपाठ पडला. परंतु ज्यास हा भेद ठाऊक नाही त्याने सरळ टेपच 23 मीटर ताणली तर काय होईल? आरंभाची रेघ वळणावर 1 मीटर 36 सेंटिमीटर पुढे सरकते. दुसऱ्या पट्टीत ही चूक सहा सेंटिमीटरांचीच होते, तिसरीत 42 सेंटिमीटरांची, आणि चौथीत एकदम एवढी मोठी. म्हणजे चौथ्या पट्टीतील मूल 200 मीटर धावतच नाही. 30 सेकंदांत 200 मीटर धावणाऱ्या मुलीस ह्यायोगे सेकंदाच्या दोन दशांशांचा आयता लाभ मिळतो, आणि शर्यती ह्याहून कमी अंतराने जिंकल्या व हरल्या जातात.

आता जी हकीकत सांगावयाची ती नेमकी ह्या 1 मीटर 36 सेंटिमीटरांची आहे. तिला पुष्कळ वर्षे झाली. जलाशयाच्या पलीकडील अंगाच्या एका वाडीतील मुलगी त्या वेळी आमच्या आठवीत होती. पाऊस असो वा ऊन, डोंगर उतरून शाळेला येणारी. पायांत वहाणा असल्या तर असल्या. सरांनी तिची धाव ओळखली व तिला बाहेरच्या सामन्यांस नेले. आम्हीही बरोबर होतो. मैदान आमच्याच मापाचे होते. 200 मीटरच्या अंतिम शर्यतीत चिठ्ठी उडवून तिच्या वाट्यास चौथी पट्टी आली. मुली आपापल्या जागी जाऊन उभ्या राहिल्या, आणि सर एकाएकी कडेवरून उठून आत गेले.

त्यांच्या ध्यानात काय आले ते त्यांनी नंतर सांगितले. रेघा बरोबर असतील तर पहिलीपासून दुसरी, दुसरीपासून तिसरी व तिसरीपासून चौथी ही पावले वळणावर सारखी दिसतात. येथे तिसऱ्या व चौथ्या रेघेमधील पाऊल लांब दिसत होते. ज्याने दरवर्षी तीच वळणे काढली त्याची नजर अशा ठिकाणी अडखळतेच. सरांनी पंचांस विनंती करून टेप मागविली. पंच सज्जन होते. त्यांनी रागावून न जाता मोजू दिले. टेप वळणावरून फिरविली तेव्हा रेघ जवळजवळ दीड मीटर पुढे निघाली. ती पुसून मागे काढण्यात आली, आणि आमच्या मुलीस 1 मीटर 36 सेंटिमीटर मागे येऊन उभे राहावे लागले.

ती दुसरी आली. पहिलीच्या व तिच्यामध्ये हातभर अंतर होते.

त्या दिवशी परतीच्या गाडीत फारसे कोणी बोलले नाही. आमच्याबरोबरच्या एका गृहस्थांचे मत असे पडले की, चूक मैदान आखणाऱ्यांची होती, चिठ्ठी नशिबाची होती, त्यात आपण कशास पडावे? हे मत अगदीच टाकाऊ आहे असे म्हणता येत नाही. दुसऱ्या कोणा मुलीस त्या पट्टीचा लाभ झाला असता तर आपल्या बाजूने कोणी उठले असते का, हाही प्रश्न होता. मुलीचे वडील दुसऱ्या दिवशी शाळेत आले. भातझोडणीचे दिवस होते. काम टाकून आले होते. ते सरांस म्हणाले, “गुरुजी, आमच्या पोरीला त्यांनीच म्होरं उभी केली व्हती. तुम्ही कशापायी मागं वढली?”

सर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “दादा, शर्यत 200 मीटरची होती. तुमच्या पोरीची मला कमी करावयाची नव्हती.” वडिलांचे त्याने समाधान झाले असे आम्हांस दिसले नाही. ते “बरं” म्हणाले व निघून गेले.

सोमवारी सरांनी त्या मुलीस मैदानावर नेले व चौथ्या पट्टीत दोन्ही रेघा काढून दाखविल्या, एक खरी व एक सरळ टेपेची. तिला म्हणाले, “ह्या दोन रेघांमध्ये आडवी पडून पाहा.” ती पडली. डोके एका रेघेला लागले व पावले दुसरीच्या जरा बाहेर गेली. ती उठली, कपडे झटकले, आणि बराच वेळ त्या जागेकडे पाहत राहिली. मग तिने विचारले, “सर, हिला कमी करायला किती धावावं लागंल?” तिचा प्रश्न मापाचा होता, आणि मापाचाच जबाब तिला मिळाला: सेकंदाचे दोन दशांश. पुढच्या वर्षभर तिची 200 मीटरची वेळ दर शनिवारी वहीत लिहिली गेली. वही अजून आहे. काही शनिवारी वेळ वाढलेली आहे, तीही तशीच लिहिलेली आहे. वर्षअखेर ती बाहेरच्या मैदानावर धावली तेव्हा तेथील पंचांच्या घड्याळातील वेळ व आमच्या वहीतील वेळ ह्यांत दोन दशांशांपेक्षा अधिक अंतर पडले नाही. त्या शर्यतीत ती कितवी आली ते आम्ही येथे लिहीत नाही, कारण सरांच्या वहीतही ते लिहिलेले नाही. वहीत क्रमांकास रकानाच नव्हता.

हे ऐकून कोणास वाटेल की, खेड्यातील एका मैदानावर एवढी मोजदाद कशास? ह्यास उत्तर म्हणून आपल्याच जिल्ह्यातील एक जुनी गोष्ट सांगतो. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीस पुण्यात डेक्कन जिमखान्यावर शर्यती होत, आणि सर दोराबजी टाटा तेव्हा जिमखान्याचे अध्यक्ष होते. त्यांनी तेथे शेतकरी तरुणांस अनवाणी धावताना पाहिले. मैदान ओबडधोबड, नियमांची माहिती बेताची. परंतु त्या तरुणांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या वेळांशी ताडून पाहता त्यांना आशा वाटली. त्या आशेतून 1920 साली बेल्जमच्या अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांस हिंदुस्थानातून धावपटूंची व मल्लांची लहानशी तुकडी गेली. तिच्यात बेळगावकडचे फडेप्पा चौगुले होते. मॅरॅथॉनमध्ये ते एकोणिसावे आले. वेळ 2 तास 50 मिनिटे 45 सेकंद.

आता पाहा. आज मॅरॅथॉनचे अंतर 42 किलोमीटर 195 मीटर असे ठरलेले आहे. अँटवर्पचा रस्ता मात्र 42 किलोमीटर 750 मीटरांचा होता, म्हणजे 555 मीटर अधिक. ज्याने नुसती वेळ वाचली त्यास चौगुले आजच्या मापाने होते त्यापेक्षा मंद वाटतील. ज्याने अंतरही वाचले त्यास त्याच गतीने सुमारे सव्वादोन मिनिटे वजा करता येतील. अंतर लिहून ठेवलेले होते म्हणूनच शंभराहून अधिक वर्षांनंतर डिंभ्यास बसून आम्हांस त्यांच्या पायांचा हिशेब न्यायाने करता येतो. जिमखान्यावरच्या त्या अनवाणी शेतकऱ्यांच्या वेळा कोणी घड्याळ लावून पाहिल्या नसत्या, तर दोराबजींस तरी कशाची तुलना करता आली असती?

आमच्या मैदानाच्या मर्यादाही सरांनी कधी झाकल्या नाहीत. 100 मीटरची सरळ धाव त्यावर बसत नाही; तीसाठी मुलांस पलीकडच्या माळावर न्यावे लागते. माळाला उतार आहे. फेरीच्या शर्यतीत जेवढे उतरावे तेवढेच चढावे लागते, म्हणून उताराचा हिशेब पुष्कळसा फिटतो. सरळ धावेत तो फिटत नाही. म्हणून वहीत 100 मीटरच्या प्रत्येक वेळेपुढे ‘उतार’ असा शब्द लिहिलेला आहे, व त्या वेळा बाहेर कोठेही कळविलेल्या नाहीत. तेथे शिटीचा आवाज 100 मीटरांवर पोहोचावयास जवळजवळ तीन दशांश सेकंद लागतात. म्हणून आरंभक लाल झेंडी खाली करतो, आणि वेळ घेणारा कान न देता डोळा देतो. कानावर घड्याळ चालविले तर प्रत्येक मूल कागदावर तीन दशांशांनी चपळ होते! हे ऐकून एकदा एका विद्यार्थ्याने सुचविले होते की, मग आपण कानानेच घेऊ. सर खूप हसले, आणि त्या दिवसापासून झेंडी त्याच विद्यार्थ्याच्या हाती दिली.

सर ह्या महिन्याच्या अखेरीस वयाची 58 वर्षे पुरी करून सेवानिवृत्त होत आहेत. त्यांच्या जागी कोण येणार ह्याविषयीचा आदेश हा मजकूर छापावयास जाईपर्यंत आलेला नाही. तोपर्यंत खेळाचे तास आम्हां इतर शिक्षकांत वाटून दिलेले आहेत. पावसाळा येईल, फक्की धुऊन जाईल, गवत वाढेल. सप्टेंबरात गवत कापले की मैदानावर काहीच दिसणार नाही. अशा वेळी कोणी नवा माणूस अंदाजाने दोन खुंट्या ठोकील, आणि 31 वर्षांच्या वहीतील वेळा व पुढच्या वेळा ह्यांचा एकमेकींशी संबंध तुटेल. मुले तीच राहतील, पाय तेच राहतील, परंतु धावपट्टी निराळी होईल.

म्हणून भाषणाच्या अखेरीस आम्ही जे केले ते येथे नोंदवून ठेवीत आहो; वर सांगितलेले दुसरे कारण ते हेच. सरांच्या दोन खुंट्या जमिनीत हातभर खोल पुरलेल्या आहेत व प्रत्येकीवर एक सपाट दगड आहे. त्या सापडाव्यात म्हणून दोन पक्क्या जागांपासून त्यांची अंतरे काढून ठेवलेली आहेत. एक जागा ध्वजस्तंभाच्या चौथऱ्याचा मध्य, दुसरी शाळेच्या ओसरीचा पूर्वेकडील कोपरा. पूर्वेची खुंटी स्तंभापासून 33 मीटर 60 सेंटिमीटर व कोपऱ्यापासून 29 मीटर 15 सेंटिमीटर. पश्चिमेची खुंटी स्तंभापासून 37 मीटर 46 सेंटिमीटर व कोपऱ्यापासून 56 मीटर 90 सेंटिमीटर. दोन टेपा एकाच वेळी ताणाव्यात. जेथे दोन्ही आकडे जुळतील तेथे खणावे. असे जुळणारे बिंदू प्रत्येक वेळी दोन निघतात, परंतु दुसरा शाळेच्या मागल्या बाजूस पडतो, तेव्हा घोटाळा होण्याचे भय नाही. दोन्ही खुंट्या सापडल्यावर त्यांच्यामधील अंतर 45 मीटर 96 सेंटिमीटर भरते की नाही ते पाहावे. भरले नाही तर एक खुंटी हललेली आहे असे समजून पुन्हा मोजावे. तार फिरविण्याची घाई करू नये. वही कपाटात गेली तर कपाटाची किल्ली हरवते, असा आमचा अनुभव आहे; पण ह्या अंकाच्या प्रती घरोघर जातात. कोणा ना कोणाच्या घरी, धान्याच्या कोठीवर का होईना, एखादी राहीलच.

हे आकडे आम्ही मैदानावर वाचून दाखविले तेव्हा नववीच्या दोन मुलांस टेपा देऊन पूर्वेची खुंटी शोधावयास सांगितले होते. टेपेचे दुसरे टोक ओसरीच्या कोपऱ्याशी धरावयास पालकांमधून एक बाई आपण होऊन उठल्या. त्यांचा मुलगा यंदा आमच्या पाचवीत आला आहे. चौथ्या पट्टीतील त्या मुलीची हकीकत आम्ही नुकतीच सांगितली होती, नाव न घेता. त्या उठल्या तेव्हा जुन्या शिक्षकांपैकी तिघाचौघांनी एकमेकांकडे पाहिले. मुलांनी जेथे दोन्ही आकडे जुळले तेथे खणले. दगड चार बोटे बाजूला लागला. मुले आनंदाने ओरडली, परंतु सर पुढे आले, वाकून पाहिले, आणि बाईंकडे वळून म्हणाले, “टेप सैल धरली होतीस.”

“व्हय सर,” त्या म्हणाल्या, आणि ती ताणून पुन्हा धरली. ह्या वेळी आकडा दगडाच्या मधोमध आला.

उत्तरादाखल सरांनी भाषण करावे अशी सर्वांची इच्छा होती. त्यांनी घड्याळ पाहिले. आमची 5 मिनिटे केव्हाच संपून 11 झाली होती. तसे त्यांनी ध्वनिक्षेपकावरून सर्वांस सांगितलेही. मग खड्डा बुजवून माती पायाने दाबून घ्यावयास लावली, पुसलेल्या ठिकाणी फक्की टाकविली, आणि मुलींच्या 200 मीटरच्या अंतिम शर्यतीतील चौघींची नावे पुकारली.